640 चौकोन आणि एक रिकामी रेघ

जानेवारी 2003 मधली एक स्लाइड आहे. वर शीर्षक, खाली दहा बुलेट. मोठ्या ठिपक्याखाली आडवी रेघ, रेघेखाली छोटा ठिपका, त्याखाली पुन्हा रेघ, असं एकेक पायरी आत सरकत गेलेलं लिखाण. शीर्षकाचा मतलब असा, की चाचण्यांची आकडेवारी पाहता टाइल भेदली जाण्याबद्दलचा आपला अंदाज सावध बाजूलाच झुकलेला आहे. थोडक्यात, धोका आहे त्याहून जास्तच धरलाय, फार काळजी नसावी. आणि अगदी तळाच्या, दहाव्या बुलेटमध्ये एक ओळ : रॅम्पचं घनफळ 1920 घन इंच, चाचणीतल्या तुकड्याचं 3 घन इंच.

बोइंगच्या अभियंत्यांनी नासासाठी ही स्लाइड केली तेव्हा कोलंबिया हे अंतराळयान पृथ्वीभोवती फिरत होतं. 16 जानेवारीला उड्डाण झाल्यावर सुमारे 82 सेकंदांनी इंधनाच्या बाहेरच्या टाकीवरून फोमचा एक तुकडा सुटला आणि यानाच्या डाव्या पंखावर आदळला. टाकीवरच्या ज्या उतरत्या उंचवट्यातून तो सुटला, त्याला रॅम्प म्हणायचे. या धडकेनं कितपत नुकसान झालं असेल, याचा अंदाज ‘क्रेटर’ नावाच्या गणिती सूत्रानं काढायचा होता, आणि ते सूत्र छोट्या तुकड्यांच्या जुन्या चाचण्यांवर बेतलेलं होतं. 1 फेब्रुवारीला परतीच्या वाटेवर यान वातावरणात तुटलं. कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीर गेले.

एका स्लाइडनं यान पाडलं, असं म्हणणं बालिशपणाचं होईल. कक्षेतल्या यानाचे फोटो घ्या ही अभियंत्यांची विनंती मान्य झाली नाही, फोम सुटणं वर्षानुवर्षं चालवून घेतलं गेलं, आणि तुकडा लागला तोही यानाच्या उष्णतारोधक टाइलवर नव्हे, पंखाच्या पुढच्या कडेवरच्या कार्बनच्या पॅनेलवर. पण येल विद्यापीठातले एडवर्ड टफ्टी यांनी या स्लाइडची ओळ न् ओळ उसवून दाखवली. चौकशी मंडळाला ती चिरफाड इतकी पटली, की ऑगस्ट 2003 च्या अहवालात तिला जागा मिळाली. हे वाचून एखाद्या वरिष्ठ अधिकाऱ्याला इथे जिवाचा प्रश्न आहे हे कळलं नसेल तर नवल नाही, अशा अर्थाचा शेरा मंडळानं मारला.

एकच विशेषण, ‘लक्षणीय’ म्हणावं असं, या स्लाइडवर पाच वेळा येतं. कुठे ते सूत्राच्या चुकीबद्दल आहे, कुठे ऊर्जेबद्दल, कुठे नुकसानीबद्दल. शेवटून दुसऱ्या बुलेटमध्ये ते येतं तेव्हा प्रत्यक्ष परिस्थिती चाचण्यांच्या कक्षेबाहेर ‘लक्षणीय’रीत्या आहे, एवढं म्हणून थांबतं. किती लक्षणीय? 640 पट. हा भागाकार स्लाइडवर नाही. तो वाचणाऱ्यानं मनातल्या मनात करायचा होता, तोही नऊ बुलेट पार करून तळाशी आल्यावर.

बुलेटची खोड इथे नीट दिसते. बुलेट दोन गोष्टींमधलं नातं सांगत नाही. फक्त कोण कोणाच्या पोटात आहे एवढंच सांगते. ‘यामुळे ते’, ‘याच्या कितीतरी पट ते’, ‘आधी हे, मग ते’, ‘हे खरं, पण ते त्याच्या उलट’ ही सगळी नाती एकाच ठिपक्याच्या मागे जाऊन बसतात. बोलणारा समोर असला की तो आवाजानं, हातवाऱ्यानं ती भरून काढतो. फाइल एकटी फिरायला लागली की ती गळून पडतात. म्हणून बुलेट काढून चित्र घालायचं म्हणजे ओळीशेजारी शोभेचा फोटो चिकटवायचा नाही. त्या यादीनं कोणतं नातं गिळलंय ते शोधायचं, आणि ते काढायचं.

दहाव्या बुलेटमधलं नातं तर सरळच आहे : एक लहान, एक मोठं. 3 घन इंच म्हणजे जेमतेम 50 मिलिलिटर. 1920 घन इंच म्हणजे साधारण साडेएकतीस लिटर. दोन ठोकळे काढले की झालं, असं वाटतं. काढून पाहा. लहान ठोकळ्याची बाजू 3.7 सेंटिमीटर येते आणि मोठ्याची 31.6. घनमूळ काढल्यामुळे 640 पट मोठी वस्तू बाजूच्या मापात फक्त साडेआठ पट दिसते! कागदावर दोन्ही ठोकळ्यांनी व्यापलेली जागा मोजली तर मोठा 74 पट भरतो. म्हणजे त्याच दोन वस्तू, चित्र काटेकोर प्रमाणात काढलेलं, आणि तरी डोळ्यापुढे तीन वेगवेगळी उत्तरं : 640, 74 आणि साडेआठ. बघणारा यातलं कोणतं उचलेल, ते त्याचा डोळा ठरवतो.

डोळा काय उचलतो यावर विल्यम क्लीव्हलँड आणि रॉबर्ट मॅक्गिल या संख्याशास्त्रज्ञांनी 1984 मध्ये प्रयोग मांडले. माणसांना आकृत्या दाखवायच्या आणि हे त्याच्या किती पट, ते विचारायचं. एकाच पट्टीवरची दोन ठिकाणं ताडून पाहताना अंदाज सर्वांत अचूक येतात. लांबी, कोन, क्षेत्रफळ असं पुढे पुढे जाऊ तसे ते ढिले पडत जातात. घनफळाचा नंबर बराच मागे. आणि आपली वस्तू नेमकी घनफळाची! म्हणजे जे जसं आहे तसं काढणं हाच इथे सर्वांत फसवा मार्ग ठरतो.

मग पट्टी घेऊ. आजच्या रुंद स्लाइडची लांबी 33.87 सेंटिमीटर असते. तिच्यावर 30 सेंटिमीटरची आडवी रेघ मारू. डावीकडे शून्य, उजव्या टोकाला 1920. आता चाचणीतले 3 घन इंच कुठे पडतात? शून्यापासून 0.47 मिलिमीटरवर. अर्धा मिलिमीटरसुद्धा नाही. पॉवरपॉइंटमध्ये खूण करायला दीड पॉइंट जाडीची रेघ घेतली तर तिचीच जाडी 0.53 मिलिमीटर भरते. ज्या चाचण्यांच्या भरवशावर ‘अंदाज सावध आहे’ असं शीर्षक दिलं, त्या चाचण्यांची अख्खी व्याप्ती खूण करायच्या रेघेखाली झाकली जाते. पुढे 29 सेंटिमीटरहून जास्त रेघ, आणि तिच्यावर काहीच नाही.

हे पहिल्यांदा कागदावर मारून पाहिलं तेव्हा मी पुन्हा मोजलं. शितावरून भाताची परीक्षा करावी हे खरंच, पण शीत त्याच भांड्यातलं तरी हवं.

या रेघेत एक पळवाट आहे. अभियंत्यांना लॉगरिदमची पट्टी आवडते, कारण तिच्यावर लहान आणि मोठे आकडे गुण्यागोविंदानं नांदतात. 1 ते 10000 अशी लॉग पट्टी घेतली तर 3 डावीकडून साडेतीन सेंटिमीटरवर येतो, 1920 साडेचोविसाच्या थोडा पुढे, आणि मधलं अंतर अगदी चारचौघांसारखं वाटू लागतं. तांत्रिक लेखात ती पट्टी चालेल. पण जी स्लाइड न सांगता समजायला हवी, तिच्यावर ती नको. तिथे वाचणाऱ्याला पट्टीचा नियम आधी माहीत असावा लागतो, आणि तो सांगायला कोणी नसतं.

दुसरा रस्ता व्हिएन्नाहून येतो. तिथे 1925 मध्ये ऑटो नॉयराथ यांनी एक संग्रहालय काढलं. घरं, रोजगार, रोगराई यांची आकडेवारी सामान्य कामगारालाही बघताक्षणी कळावी हा त्यामागचा हेतू. पुढे त्यांची चित्रपद्धत ‘आयसोटाइप’ या नावानं ओळखली गेली. तिच्यातली चिन्हं घडवली गेर्ड आर्न्ट्झ यांनी, आणि आकड्यांचं चित्र कसं मांडायचं हे ठरवण्यात मारी राइडमाइस्टर, म्हणजे पुढच्या मारी नॉयराथ, यांचा मोठा वाटा होता. त्यांचा एक नियम पक्का होता : जास्त दाखवायचं तर चित्र मोठं करायचं नाही, तेच चित्र जास्त वेळा काढायचं. शंभर वर्षं होत आली तरी हा नियम न पाळणाऱ्या आकृत्या रोज वर्तमानपत्रांत भेटतात, तो भाग वेगळा.

नियम आपल्या स्लाइडला लावू. एक चौकोन म्हणजे 3 घन इंच. असे 640 चौकोन हवेत, आणि 32 गुणिले 20 बरोबर 640 होतात. चौकोनाची बाजू 7 मिलिमीटर ठेवली तर जाळी 22.4 सेंटिमीटर रुंद आणि 14 सेंटिमीटर उंच होते. स्लाइडची उंची 19.05, म्हणजे वर शीर्षकाला जागा उरते आणि उजव्या बाजूला नावं लिहायलाही. सगळे चौकोन फिक्या राखाडी रंगात, खालच्या डाव्या कोपऱ्यातला एकच गडद. त्या एकाला लागून लिहायचं : चाचणी एवढ्याची झाली. जाळीला कंस घालून : सुटलेला तुकडा एवढा असू शकतो. पंखाला लागलेला तुकडा अख्ख्या रॅम्पएवढा नव्हता, असं चौकशीत पुढे आढळलं. तो सुमारे 1200 घन इंचांचा असावा. तसं धरलं तर 400 चौकोन भरीव ठेवायचे, उरलेल्यांची नुसती कड ठेवायची. अनिश्चितता दाखवायला याहून स्वस्त साधन मला माहीत नाही. गडद चौकोन तरीही एकच राहतो.

इथे चित्र अडतं, आणि ही अडचण मला सगळ्यांत मजेशीर वाटते. चित्राला ‘नाही’ म्हणता येत नाही. झाड काढता येतं, झाड नसणं काढता येत नाही. नुसती रिकामी जागा म्हणजे कोणी काढायचं विसरलं असंही वाटू शकतं. सॉल वर्थ या चित्रभाषेच्या अभ्यासकानं 1975 मध्ये याच मुद्द्यावर निबंध लिहिला होता. आणि कोलंबियाच्या स्लाइडला सांगायचं होतं ते नेमकं एक ‘नाही’ होतं : एवढ्या मोठ्या तुकड्याची चाचणी आपण केलेली नाही, म्हणून काय होईल ते आपल्याला ठाऊक नाही.

यावर उपाय चित्रात नाही, शब्दात आहे. त्या रिकाम्या 29 सेंटिमीटरांखाली एक लांब कंस घालायचा आणि लिहायचं, ‘इथे एकही चाचणी नाही’. लगेच रिकामेपणाचं रूप पालटतं. आता ती उरलेली जागा राहत नाही, तीच मुख्य गोष्ट होते. शब्द फक्त चार, पण ते काढून घेतले तर चित्र मुकं होतं, आणि चित्र काढून घेतलं तर ते चार शब्द पुन्हा बुलेट होतात. जुलै 2003 मध्ये सॅन अँटोनिओच्या साउथवेस्ट रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये पंखाच्या खऱ्याखुऱ्या पॅनेलवर तेवढ्या मोठ्या फोमचा ठोकळा वायूच्या तोफेतून मारला, तेव्हा सुमारे 16 इंच रुंद भगदाड पडलं. आपल्या रेघेवर उजवीकडचा पहिला ठिपका तो.

शीर्षकाचं काय करायचं, याचं उत्तर पेन स्टेट विद्यापीठातल्या मायकेल अ‍ॅली यांच्या पद्धतीत सापडतं. शीर्षक हा विषय नसावा, विधान असावं : एक पूर्ण वाक्य, दोन ओळींत मावणारं. त्याखाली बुलेट नाहीत, त्या विधानाचा पुरावा असलेलं चित्र. ‘चाचणी आकडेवारीचा आढावा’ हा विषय झाला. ‘यानाला लागलेला तुकडा चाचणीतल्या तुकड्याच्या शेकडो पट मोठा असू शकतो, नुकसान किती, ते आपल्याला माहीत नाही’ हे विधान. हे वाक्य लिहिताना बऱ्याचदा कळतं, की आपल्याकडे विधानच नाही, नुसती माहिती आहे. अशी स्लाइड मी तरी चित्राच्या वाटेला नेत नाही, काढून टाकतो.

उरलेल्या बुलेटमध्ये आणखी एक नातं दडलेलं होतं, आणि ते आकाराचं नव्हे, वागणुकीचं. फोम मऊ, टाइलचं कवच त्या मानानं कडक. ठरावीक ऊर्जेच्या आत फोम कवच भेदत नाही. पण एकदा ते फुटलं, की पुढे ऊर्जेतल्या थोड्याशा वाढीनंही नुकसान झपाट्यानं वाढतं. मूळ स्लाइडवर हे पाच-सहा बुलेटमध्ये विखुरलं होतं, आणि ‘उलटपक्षी’ या अर्थाच्या एका शब्दावर अख्खा भार होता. याची वेगळी स्लाइड करायची. आडव्या अक्षावर आघाताची ऊर्जा, उभ्या अक्षावर नुकसान. वक्र बराच वेळ जमिनीला चिकटून जातो आणि मग एकदम उसळतो. उसळीच्या जागी तुटक उभी रेघ, तिच्यावर लिहिलेलं ‘कवच फुटतं ते इथे’. त्याखाली टाइलचे दोन आडवे छेद, एक रेघेच्या अलीकडचा, एक पलीकडचा. दोनच चित्रं, पण शेजारी शेजारी ठेवल्यामुळे ‘उलटपक्षी’ शब्दाची गरज उरत नाही.

अशा आकृतीत घात करतो तो बाण. फोम उडत आला, हे दाखवायला एक बाण. आघातामुळे तडा गेला, त्याला दुसरा. आणि आधी चाचणी, मग अंदाज, या क्रमाला तिसरा. तिन्ही सारखे दिसतात आणि वाचणारा तिघांचा एकच अर्थ घेतो, बहुधा ‘यामुळे’. एका स्लाइडवर बाणाचा अर्थ एकच ठेवावा आणि शक्य तिथे बाणावर क्रियापद लिहावं : ‘आदळतो’, ‘फोडतो’. ते सुचत नसेल तर नातं आपल्यालाच स्पष्ट नाही.

आणि आयकॉन? ते तर सगळ्यांच्या हाताशी असतात, तयार, शेकड्यांनी. पण आयकॉन म्हणजे नाम, वाक्य नव्हे. दिव्याचा बल्ब म्हणजे कल्पना, वीज, की फक्त दिवा? आपल्याकडे यावर फार मोठा प्रयोग 1951-52 च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत झाला. वाचता न येणाऱ्या मतदारांसाठी पक्षांना चिन्हं दिली आणि ती मतपेट्यांवर लावली. पण त्या चिन्हांचा अर्थ चित्रात नव्हता, प्रचारात होता. सभा, मिरवणुका, भिंती रंगवून तो लोकांच्या मनावर ठसवला गेला. स्लाइडवरच्या आयकॉनमागे असा प्रचार नसतो. म्हणून त्याला लागूनच नाव हवं. कोपऱ्यात सूची देऊन डोळ्याला येरझारा घालायला लावणं म्हणजे बुलेटचाच दुसरा अवतार. आयकॉन खऱ्या अर्थानं उपयोगी पडतो तो एकच वस्तू पुढच्या स्लाइडवर पुन्हा आली हे ओळखायला : फोमचा तोच पिवळा ठोकळा, टाइलचा तोच काळा पट्टा.

धोक्याच्या चिन्हांसाठी अमेरिकेत एक मानक आहे, आन्सी झेड 535.3. नवं चिन्ह लोकांना दाखवून अर्थ विचारायचा. किमान 85 टक्क्यांनी बरोबर सांगायला हवं. पण मला जास्त महत्त्वाची वाटते ती त्याची दुसरी अट : ‘करू नका’ असं असताना ‘करा’ असं वाचणारे, म्हणजे उलटा अर्थ लावणारे, 5 टक्क्यांहून जास्त नकोत. न कळणं वेगळं आणि उलटं कळणं वेगळं, हे तिथे मोजलं जातं. आपल्या स्लाइडलाही हीच कसोटी लावता येते. विषयाशी संबंध नसलेल्या माणसाच्या हातात ती द्यायची, तोंडातून शब्द काढायचा नाही, आणि थोड्या वेळानं विचारायचं. ‘समजलं का?’ नव्हे, त्याला सगळे हो म्हणतात. विचारायचं, ‘यावरून तुम्ही आता काय कराल?’ त्या जुन्या स्लाइडवर ‘काही नको, सगळं ठीक दिसतंय’ हे उत्तर येऊ शकलं असतं, आणि ते उलटं कळलेलं असतं. जाळीच्या स्लाइडवर ‘थांबा, आधी पंख बघा’ यायला हवं. नाही आलं तर दोष बहुतेक वेळा शीर्षकात असतो, चित्रात कमी.

ही परीक्षा लॅपटॉपवर घेऊ नये. आपली स्लाइड वाचली जाते ती व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या पीडीएफमध्ये, उभ्या धरलेल्या फोनवर. तिथे 33.87 सेंटिमीटरची रुंदी सातेक सेंटिमीटरवर येते, म्हणजे सगळं पाचाला एक. 18 पॉइंटचं अक्षर पावणेचार पॉइंटचं होतं, आणि देवनागरीत आधी अनुस्वार जातात, मग रफार आणि उकार. शीर्षक 36 ते 40 पॉइंट आणि नावं 28 च्या वर ठेवली तर कसंबसं निभतं. अ‍ॅनिमेशननं एकेक करून येणारे थर पीडीएफमध्ये एकमेकांवर चढून बसतात, तेव्हा प्रत्येक टप्प्याची वेगळी स्लाइड करून ठेवावी. आणि ती सुंदर रेघ? तिच्यावरचा अर्धा मिलिमीटर फोनवर 0.1 मिलिमीटर होतो, दिसेनासा. जाळीतला गडद चौकोन मात्र दीड मिलिमीटरचा उरतो आणि दिसतो. म्हणून मोठ्या पडद्यासाठी रेघ घ्यावी, पाठवायच्या फाइलसाठी जाळी.